ताकीदपत्रात काय लिहायचं, काय गाळायचं

चौकशीचा अहवाल हातात पडला, सहकाऱ्याला त्रास दिल्याचं सिद्ध झालं, की साहेब म्हणतात, ‘एक वॉर्निंग लेटर काढून टाका.’ मग एच.आर.मधलं कुणीतरी संगणकावरचा जुना मसुदा उघडतं आणि त्यातलं नाव बदलतं. मसुद्यात ठरलेलं वाक्य असतं: ‘आपले वर्तन कंपनीच्या शिस्तीस बाधा आणणारे असून यापुढे असे वर्तन आढळल्यास आपणांवर कठोर कारवाई करण्यात येईल.’ वाक्य भारदस्त आहे. पण त्या माणसाने नेमकं काय केलं, काय थांबवायचं आणि नाही थांबवलं तर काय होईल, यातलं त्यात काहीच नाही. सहा महिन्यांनी तक्रार पुन्हा आली, तर हे पत्र असून नसल्यासारखं ठरतं.

उदाहरणासाठी चाकणजवळचा सुटे भाग बनवणारा एक कारखाना घेऊ. प्रसंग कल्पित असला तरी असे प्रसंग नवे नाहीत. एका लाइनवरच्या लाइन लीडरविरुद्ध नव्या तपासनिसाने पाच तक्रारी केल्या. सकाळच्या शिफ्टआधी दहा-बारा जणांसमोर लीडर त्याच्या अडखळत बोलण्याची नक्कल करतो. त्याला लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, त्यामुळे शिफ्ट बदलल्याचं त्याला कळलं नाही आणि गैरहजेरी लागली. सलग चार आठवडे फक्त त्याचीच साप्ताहिक सुट्टी शेवटच्या क्षणी बदलली. त्याचा तपासणी अहवाल दोनदा परत पाठवला. आणि त्याचा डबा लपवला. चौकशीत पहिल्या तीन गोष्टी सिद्ध झाल्या. डब्याचं कुणी पाहिलं नव्हतं. अहवाल परत पाठवणं योग्यच निघालं, कारण त्यात मोजमापं खरोखरच चुकली होती.

ताकीदपत्राची खरी परीक्षा इथेच सुरू होते. डब्याची गोष्ट पत्रात येता कामा नये, ‘यासारखे इतरही प्रकार’ अशा आडवळणानेही नाही. सिद्ध न झालेला आरोप पत्रात घुसला, तर पुढे कामगाराचा वकील नेमकं तेच वाक्य धरून बसतो आणि उरलेल्या तीन भक्कम गोष्टींवरही शंका उभी राहते. अहवाल परत पाठवल्याचा उल्लेख मात्र जरूर करावा, पण तो गैरवर्तन नाही हे स्पष्ट सांगण्यासाठी. नाहीतर लीडर दुसऱ्याच दिवसापासून कुणालाच काही बोलत नाही, खराब माल पुढे जातो आणि विचारलं तर म्हणतो, ‘बोललो तर पुन्हा मेमो मिळेल.’

सिद्ध झालेली वागणूक मांडताना विशेषणं गाळावीत. ‘उद्धट’, ‘असभ्य’, ‘मानहानिकारक’ या शब्दांवर वाद घालता येतो. तारखेवर आणि कृतीवर तो तितका सोपा नसतो. म्हणून परिच्छेद साधारण असा असावा: ‘दि. ४, ९ व १३ जून रोजी सकाळी सहाच्या शिफ्टपूर्वीच्या बैठकीत आपण श्री. — यांच्या बोलण्याची इतर कामगारांसमोर नक्कल केली. त्यांनी दि. ९ रोजी तसे न करण्याची विनंती केल्यानंतरही दि. १३ रोजी आपण ते पुन्हा केले.’ दुसऱ्या वाक्याचं वजन मोठं आहे. समोरच्याला त्रास होतोय हे कळल्यावरही वागणूक चालू राहिली, हे त्यातून दिसतं, आणि ‘मी तर गंमत करत होतो’ या नेहमीच्या सबबीला तिथेच उत्तर मिळतं. साक्षीदारांची नावं पत्रात लागत नाहीत. चौकशी अहवालाची तारीख आणि निष्कर्ष पुरे.

यानंतर अपेक्षित बदल. ‘वृत्ती सुधारावी’ असं लिहिणारे पुष्कळ आहेत, पण वृत्ती सुधारली की नाही हे तपासणार कसं? अपेक्षा अशी हवी की तिसऱ्या माणसाला ती पाळली गेली का हे सांगता यावं. आपल्या लीडरला लिहावं लागेल की कामातली चूक त्या माणसाला बाजूला घेऊन सांगावी; ग्रुपमधून कुणालाही काढण्याआधी शिफ्ट इन्चार्जची परवानगी घ्यावी; सुट्टी बदलायची तर कारण रजिस्टरमध्ये लिहून तीन दिवस आधी कळवावं. शिवाय एक अट कधीच विसरू नये: तक्रारदाराला किंवा साक्ष देणाऱ्या कुणालाही त्याबद्दल जाब विचारायचा नाही, डूख धरायचा नाही. असा सूड उगवणं हे स्वतंत्र गैरवर्तन मानलं जाईल, असं तिथेच नमूद करावं. पत्र मिळाल्यानंतरचे पहिले दोन आठवडे याच बाबतीत सगळ्यात नाजूक असतात. तक्रारदाराला ताकीदपत्राची प्रत द्यायची नसते, पण त्याच्या तक्रारीतलं काय सिद्ध झालं आणि योग्य कारवाई झाली, एवढं तरी त्याला कळवायला हवं.

परिणामांचा परिच्छेद लिहिताना हात सैल सुटतो. ‘पुन्हा असे घडल्यास आपणांस कामावरून तात्काळ काढून टाकण्यात येईल’ हे वाक्य रागाच्या भरात बरं वाटतं, पण ते पाळता येत नाही. पुढची तक्रार आली तरी तिची वेगळी चौकशी करावी लागते, त्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि शिक्षा गैरवर्तनाच्या मानाने असावी लागते. अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात, किरकोळ गैरवर्तनासाठी आधीची नोंद न पाहता धक्का बसावा इतकी अवाजवी शिक्षा देऊन कामावरून काढणं ही अनुचित प्रथा मानली आहे. म्हणून पत्रात लिहावं की पुनरावृत्ती झाल्यास चौकशी होईल, ती सिद्ध झाल्यास हे पत्र विचारात घेतलं जाईल आणि कारवाई कामावरून कमी करण्यापर्यंत जाऊ शकेल. ताकीद किती काळ लागू राहील, तेही सांगावं. ब्रिटनमध्ये अकास ही सरकारी सल्लागार संस्था पहिल्या लेखी ताकदीसाठी सहा महिने आणि अंतिम ताकदीसाठी बारा महिने असं उदाहरण देते. आपल्याकडे तो काळ कंपनीच्या नियमांवर ठरतो.

तक्रार लैंगिक स्वरूपाची असेल, तर हा सगळा रस्ताच वेगळा. ती २०१३च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे जाते आणि समितीच्या शिफारशीनुसारच कारवाई करावी लागते. सरकारी नोकरीतही गणित निराळं आहे. केंद्र सरकारच्या १९६५च्या नियमांत ठपका ही किरकोळ शिक्षांमधली एक शिक्षा आहे, नुसती ताकीद मात्र शिक्षांच्या यादीत नाही. त्यामुळे रीतसर विभागीय चौकशीत दोष ठरला, तर ताकदीवर भागवू नये, असं तिथलं धोरण आहे.

पत्र देताना कामगार सही करायला नकार देतो, हे नेहमीचंच. बहुतेकांना वाटतं की सही म्हणजे कबुली. म्हणून सहीच्या वर ‘पत्र मिळाले, मजकूर मान्य असल्याचे यातून समजू नये’ असं छापावं, आणि असहमती लेखी द्यायची तर मुदत सांगून ती जागा मोकळी ठेवावी. तरीही नकार आला तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करावी आणि पत्र घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवावं.

आता समजा, सातव्या महिन्यात त्याच लीडरने पुन्हा कुणाची तरी नक्कल केली. नवीन चौकशी होऊन ते सिद्ध झालं, आणि साहेबांनी जुनं ताकीदपत्र फाइलमधून काढून त्याच्या जोरावर मोठी शिक्षा ठोठावली. इथेच अनेक प्रकरणं कोर्टात गडबडतात. म्हैसूर राज्य विरुद्ध मंचे गौडा या १९६३ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराच्या बाबतीत म्हटलं, की शिक्षा ठरवताना जुन्या नोंदी वापरायच्या असतील तर त्या आधी त्याच्यापुढे ठेवून त्याला उत्तर देण्याची संधी द्यायला हवी. खासगी कारखान्यानेही हाच धडा धरावा. म्हणजे नव्या कारणे दाखवा नोटिशीतच जुन्या पत्राची तारीख आणि त्यातला मजकूर उतरवायचा, आणि लीडरचं त्यावरचं उत्तर हातात आल्यावरच शिक्षेचा कागद टाइप करायला घ्यायचा.