साडेपाच वर्षांनी तेच दार

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या चमूने मुंबई शहरात घरोघर जाऊन पस्तिशीच्या पुढच्या ९९,५९८ माणसांची तंबाखूची सवय नोंदवली. त्या काळातही नोंदी हातात मावणाऱ्या संगणकावर केल्या होत्या. पण अचंबा वाटावा असा भाग पुढचा आहे. पाच-सहा वर्षांनी त्यांतल्या ५२,५६८ जणांकडे चमू पुन्हा गेला, तेव्हा ९७.६ टक्के लोकांचा ठावठिकाणा लागला. त्यांतले ४,३५८ दगावले होते.

हे कसे जमले याचे उत्तर पहिल्याच पायरीत आहे. माणसे निवडली ती मतदार यादीवरून. यादीत नाव, वय, लिंग आणि पत्ता असतो आणि ती मतदान केंद्रानुसार लागलेली असते. त्यामुळे एका केंद्राची माणसे एकमेकांच्या शेजारीच राहतात. यादीतले एक दार बंद असले तरी शेजारचे दार उघडे असते, आणि तिथेही यादीतलेच माणूस असते. सुरक्षारक्षकांच्या पहाऱ्यातल्या उच्चभ्रू वसाहती मात्र आधीच वगळल्या होत्या, कारण तिथे दारापर्यंत पोहोचणेच अवघड. हा निर्णय प्रामाणिक होता, पण त्याची किंमतही होती: निष्कर्ष त्या वर्गाबद्दल काही सांगत नाहीत.

डिलाईल रोडवरची एक चाळ डोळ्यांसमोर आणा. पुन्हा भेटीला निघालेल्याच्या हातात जुनी नोंद आहे, आणि समजा खोलीला कुलूप आहे. अनुभवी माणूस ‘घर बंद’ असा शेरा मारून वळत नाही. तो आधी शेजाऱ्यांना विचारतो, मग खालच्या वाण्याला, मग गावाच्या मंडळाच्या खोलीत. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांची अशी मंडळे आहेत, आणि कोण निवृत्त होऊन गावी गेला, कोण वारला ते तिथे नेमके ठाऊक असते. गणपतीत किंवा मे महिन्यात फेरी काढली तर निम्म्या दारांना कुलपे मिळायची, म्हणून वेळही पाहावी लागते. पत्त्याचाही घोळ असतो: कागदावर ना. म. जोशी मार्ग, तोंडात डिलाईल रोड.

यातून तीनच उत्तरे कामाची: माणूस हयात आहे, वारला, किंवा कायमचा बाहेर गेला. शेवटच्या दोन्हींत तारीख हवीच, कारण त्या दिवसापर्यंतचाच काळ हिशेबात धरायचा असतो. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘दसऱ्याच्या आधी की नंतर’ असे विचारून जवळ जाता येते. मृत्यू असेल तर महापालिकेच्या नोंदीशी ताळा घेता येतो. खोटी किंवा चुकीची भेट ओळखण्याची साधी खूण वयात असते. पाच वर्षांत वय पाच-सहानेच वाढायला हवे. एकदम पंधराने वाढले, तर बहुधा त्याच नावाचा भलताच माणूस गाठला गेला.

उरलेल्या २.४ टक्क्यांची काळजी कशाला, असे वाटेल. हिशेब करून पाहू. न सापडलेले सुमारे १,२६० जण. सापडलेल्यांत मृत्यूचे प्रमाण साधारण ८.५ टक्के निघाले. आजारी माणूस गावी जातो, खोली विकली जाते, म्हणून न सापडलेल्यांत ते दुप्पट होते असे धरू. तरी सगळ्यांचे मिळून प्रमाण ८.७ टक्क्यांच्या आसपासच राहते. पण शंभरातले वीस हरवले असते, तर खरे प्रमाण १०.२ टक्के असूनही आपण ८.५ छापले असते. गळती नुसती मोठी असून बिघडत नाही. ती एकाच प्रकारच्या माणसांची असली की बिघडते. म्हणूनच पहिल्या भेटीतली उत्तरे काढून न सापडलेल्यांचे वय आणि सवय बाकीच्यांशी ताडून पाहतात. भारतीय मानव विकास सर्वेक्षणात २००४-०५ची ८३ टक्के कुटुंबे २०११-१२मध्ये पुन्हा भेटली, आणि देशभर पसरलेल्या सर्वेक्षणासाठी हा आकडा चांगलाच मानतात. एका शहरातला दाट पाठपुरावा त्याहून सोपा, हेही मान्य करायला हवे.

आज तसेच काम डिलाईल रोडला करायचे तर शेजारच उरत नाही. ना. म. जोशी मार्गावरच्या, १९२०च्या दशकातल्या ३२ बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. एकेका चाळीत ८० खोल्या, प्रत्येकी १६० चौरस फूट, आणि रहिवासी संक्रमण शिबिरांत किंवा भाड्याच्या घरांत पांगलेले. पाठपुरावा करणाऱ्याने इमारत रिकामी होण्याआधीच तीन गोष्टी मागून घ्याव्यात: रहिवाशाचा मोबाईल नंबर, त्याच्या घरात न राहणाऱ्या दोन नातेवाइकांचे नंबर, आणि गावाचे नाव तालुक्यासह. नातेवाईक एक गावचा आणि एक मुंबईतला असावा, कारण दोघेही एकाच घरी राहत असले तर ते घर हलताच दोन्ही धागे एकदम तुटतात. मधल्या वर्षांत वर्षातून एकदा फोन करून नंबर चालू आहे का तेवढे पाहावे. बंद लागला की त्याच आठवड्यात नातेवाइकाला गाठावे, पाचव्या वर्षाची वाट पाहू नये.