फॉर्म अर्धा, मजकूर काहीच नाही

समजा, मिरजेच्या मामी आता डोंबिवलीला मुलाकडे राहायला आल्या आहेत. दुपारी त्यांचा व्हॉट्सअॅपवर फोटो येतो: मतदार नोंदणीचा फॉर्म, निळ्या पेनाने अर्धा भरलेला, खाली टेबलक्लॉथची किनार. सोबत एक शब्द नाही. भाच्याने करायचं काय? उरलेलं भरून द्यायचं, भरलेलं तपासायचं, की प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगायचा?

फोन करून विचारता येतंच. पण नुसतं ‘काय हवंय?’ विचारलं तर ‘बघ जरा’ एवढंच उत्तर मिळतं. म्हणून आधी पेन कुठे थांबलंय ते पाहावं. वरून सलग लिहीत येऊन एका जागी हात थांबला असेल, तर बहुधा तो प्रश्न कळलेला नाही. तिथे अर्थ सांगावा लागतो. अधूनमधून रकाने सुटले असतील, तर माहिती किंवा कागद हाताशी नाही. तिथे भरायला मदत हवी. सगळं भरून फक्त सही राहिली असेल, तर माणसाला तपासणी हवी आहे. आणि सही झालेली पण रकाने रिकामे, असा फोटो आला तर ‘कोणाला देऊ नका’ हे सर्वांत आधी सांगावं. रिकाम्या जागेत दुसऱ्याने काहीही लिहिलं तरी खाली सही आपलीच असते.

मामींचं पेन थांबलंय ते प्रतिज्ञापत्राशी. वर नाव, नातेवाइकाचं नाव, मोबाइल, जन्मतारीख, डोंबिवलीचा पत्ता सगळं नीट आहे. खाली ‘या पत्त्यावर केव्हापासून राहता’ इथे महिना-वर्ष हवं, ती जागा कोरी. भाच्याला वाटेल, तारीख सांगितली की झालं. पण कागदाच्या माथ्यावर आकडा आहे ६, आणि जन्मवर्ष १९६६. सहा नंबरचा फॉर्म पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांचा. साठीच्या आसपासच्या बाईंच्या हातात तो दिसला की विचारायलाच हवं, ‘मामी, मिरजेत मतदान करत होता ना?’

‘तर! दरवेळी.’

म्हणजे फॉर्मच चुकला. आता भरून देणं, तपासणं, समजावणं, तिन्ही गोष्टी कितीही मन लावून केल्या तरी वाया, किंबहुना तोट्याच्या. कारण त्या कोऱ्या जागेच्या पुढचंच वाक्य म्हणतं की मी प्रथमच अर्ज करत असून माझं नाव दुसऱ्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाही. मामींनी सही केली असती तर ते खोटं निवेदन झालं असतं, आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३१ प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. कोणीतरी हातात दिला तो कागद त्या भरत होत्या.

पत्ता बदलला की लागतो आठ नंबरचा. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेलेल्यांना सहा नंबरच भरावा लागे, म्हणून जुन्या माहितीवर चालणारे अजून तोच पुढे करतात. २०२२ पासून मतदारसंघ बदलला तरी स्थलांतरासाठी आठच. त्यात मतदार ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा, ‘स्थलांतर’ या पर्यायावर खूण करायची आणि नवा पत्ता लिहायचा. नाव कुठल्याच यादीत नसेल, तरच सहाकडे वळायचं.

फोटोवरून सगळंच कळत नाही, हेही धरून चालावं. मामींनी मतदारसंघ ‘डोंबिवली’ लिहिलाय. पण डोंबिवलीचा काही भाग कल्याण ग्रामीण मतदारसंघात येतो. ते शेजाऱ्याच्या ओळखपत्रावरून किंवा voters.eci.gov.in वर पाहूनच ठरेल. फोटोत आधार क्रमांक स्पष्ट दिसतोय, तोही कुटुंबाच्या ग्रुपवर. तो फोटो आधी ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला सांगणं बरं.

मग मामींना एकच निरोप: ‘हा फॉर्म ठेवून द्या, सही करू नका. आठ नंबरचा पाठवतो. तुमचं ओळखपत्र नि पत्त्याचा एक पुरावा शोधून ठेवा.’

पाच मिनिटांत दुसरा फोटो येतो, पुन्हा मजकुराविना. मुलाच्या नावाचं लाइट बिल. म्हणजे ‘हे चालेल का?’ सज्ञान मुलाच्या नावाचा पुरावा चालतो, पण त्याच पत्त्यावर मुलगा स्वतः मतदार म्हणून नोंदलेला असेल तर. मुलाला विचारलं, तर त्याचं नाव अजून मिरजेच्याच यादीत. आता फॉर्म दोन लागतील, आणि मामींना तूर्त आपल्या नावाचा पुरावा द्यावा लागेल. आधारवर डोंबिवलीचा पत्ता आला असेल तर काम तिथेच झालं.