शतपावलीचा हिशेब

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात माझी एचबीए१सी ५.९ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी आठवड्याला १५० मिनिटे झपाझप चालायला सांगितले. मी फ्रिजवर कॅलेंडर लावले आणि रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात चाललेली मिनिटे लिहू लागलो. न चालल्यास शून्य. बाकी काही नाही.

सप्टेंबर संपल्यावर बेरीज केली: ५८० मिनिटे. चौकोन ३०, पण भरलेले २६ च. १८ ते २१ तारखेला ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी होतो, ते चार कोरे राहिले होते. आकडे संगणकावर चढवून =AVERAGE(B2:B31) केले, तर उत्तर आले २२.३. आठवड्याला १५० म्हणजे रोजची साधारण २१.४ मिनिटे. पास झालो म्हणून मी खूश! सौ.ने विचारले, "त्या चार दिवसांत चाललात का?" आठवेना. विमानतळावर थोडे चाललो असेन, पण लिहिले नव्हते.

गोम इथेच आहे. हे सूत्र कोरी घरे मोजतच नाही. शून्य मात्र मोजते. म्हणजे ५८० ला २६ ने भागले होते. तेच ३० ने भागले तर १९.३, म्हणजे नापास. आणि आपण लिहायचे विसरतो ते बहुधा न चाललेल्या दिवशीच, चाललेल्या दिवशी कोण विसरतो? त्यामुळे मी आता दोन्ही सरासऱ्या लिहितो. कोरे दिवस वाढले की दोघींमधले अंतर वाढते आणि त्या महिन्याच्या आकड्यावर विसंबायचे नाही हे कळते. तिसरी सरासरीही काढली: शून्याचे सहा दिवस वगळून ज्या वीस दिवशी चाललो, त्यांची. ती २९ निघाली. बाहेर पडलो की पुरेसे चालतो. अडते ते दाराशी.

मग सर्वांत चांगला आठवडा शोधला. सोमवार ते रविवार अशी बेरीज: पहिला १२० (मंडळाच्या गणपतीची धावपळ!), दुसरा २००, तिसरा अर्धवट ८०, चौथा १२०, आणि २९-३० या दोन दिवसांचे ६०. प्रत्येकाची रोजची सरासरी काढली, तर पहिला नंबर कोणाचा? त्या दोन दिवसांच्या शेपटाचा: ३० मिनिटे! दुसऱ्या आठवड्याची २८.६. दोन दिवस चांगले जाणे काही कठीण नसते, सात जाणे कठीण. तेव्हा सातही घरे भरलेली असतील तोच आठवडा शर्यतीत घ्यायचा असे ठरवले. तसे तीनच उरले आणि त्यांतल्या एकानेच १५० ओलांडले होते. महिन्याच्या सरासरीत हे दिसले नव्हते.

पण सोमवारीच आठवडा का सुरू करायचा? दुसऱ्या आठवड्याचा सोमवार शून्याचा होता. म्हणून कोणतेही सलग सात दिवस घेऊन पाहिले. पहिली तारीख दुसऱ्या ओळीत असेल, तर आठव्या ओळीत

```
=SUM(B2:B8)
```

लिहून ते खाली ३१ व्या ओळीपर्यंत ओढायचे. तीस दिवसांत असे चोवीस सप्ताह बसतात. सर्वांत मोठा निघाला बुधवार १० ते मंगळवार १६: ३०, ३०, ४०, ४०, ४०, ३०, ३०, एकूण २४०. ही बेरीज कोऱ्या घराला शून्य धरते, म्हणून तेवढ्या सात दिवसांत कोरे नाही ना, हे पाहून घ्यावे. आणि चोवीसांतून निवडलेला आकडा तिनांतून निवडलेल्यापेक्षा मोठा यायचाच, तेव्हा पुढच्या महिन्याशी तुलना करताना पद्धत तीच ठेवायची.

त्या सात दिवसांत वेगळे काय होते? सासरे भारतातून आले होते. ९ ला आले, १७ ला मेव्हण्याकडे गेले. त्यांना सात वाजता जेवण लागते आणि नंतर शतपावली. ते हळूहळू पुढे, मी झपाझप दोन फेऱ्या मारून त्यांना गाठणार, असे चालायचे. एरवी आम्ही साडेआठला जेवतो, मग भांडी, मग कोचावर बसलो की संपले.

ऑक्टोबरात जेवण सातला आणले. कोऱ्या दिवसासाठी चौकोनात आडवी रेघ मारू लागलो, म्हणजे विसरलो की चाललो नाही हा वाद नको. महिनाअखेर कोरा दिवस एकच होता, आणि दोन्ही सरासऱ्या २४ च्या आसपास. पण २ नोव्हेंबरला घड्याळे मागे गेली, आणि साडेचारपासूनच अंधारायला लागले. त्या महिन्याची तुलना ऑक्टोबरशी कशी करावी, यावर सासऱ्यांशी फोनवर अजून चर्चा चालू आहे.