आठव्या उमेदवाराची बारा मिनिटं

एका सहकारी पतसंस्थेत लेखापालाची जागा भरायची आहे, असं धरू. उमेदवार आठ. समितीत चौघं: अध्यक्ष, व्यवस्थापक, एक संचालक आणि तज्ज्ञ म्हणून बाहेरगावाहून येणारे सनदी लेखापाल. कार्यालयाने वेळापत्रक केलं ते असं: प्रत्येकाला २० मिनिटं, १० वाजल्यापासून लागोपाठ चार मुलाखती, ११.२० ला पाव तास चहा, मग उरलेले चार. १२.५५ ला सगळं आटोपून एकला जेवण.

आता प्रत्यक्ष दिवस. तज्ज्ञ येऊन बसेपर्यंत आणि अर्ज चाळेपर्यंत १०.१० होतात. पहिला उमेदवार २६ मिनिटं घेतो, दुसरी १८. तिसऱ्याशी जीएसटीवरून तज्ज्ञांची गट्टी जमते आणि ३१ मिनिटं जातात. चौथी वेळेत, २० मध्ये. चहा येतो तो ११.४५ ला. त्यानंतरचे तिघं २४, १७ आणि २७ मिनिटं घेतात. ज्या आठव्या उमेदवाराला १२.३५ ची वेळ दिली होती, तो १.०८ ला आत जातो. समितीला भूक लागलेली, डबे शेजारच्या खोलीत उघडलेले. त्याची मुलाखत १२ मिनिटांत उरकते. जागा तीच, समिती तीच. पण एकाला ३१ मिनिटं मिळाली आणि एकाला १२.

यात कुणी मुद्दाम काही केलं नाही. चूक २० या आकड्यात होती. तो फक्त प्रश्नोत्तरांचा वेळ होता. उमेदवार गेल्यावर गुण भरायचे, दोन शब्द बोलायचे, पुढच्याला बोलवायचं, त्याने बसून पाणी प्यायचं, याला चार-पाच मिनिटं लागतातच आणि ती कुठेच धरलेली नव्हती. दुसरी गोष्ट अशी, की मुलाखत लांबते खूप पण आखडते थोडी. उमेदवार अगदीच कच्चा निघाला तरी पाच मिनिटांत त्याला बाहेर काढणं बरं दिसत नाही. म्हणून एकाने खाल्लेली ११ मिनिटं दुसऱ्याने वाचवलेल्या दोन-तीन मिनिटांनी भरून निघत नाहीत.

आपल्याकडे यावर जुना तोडगा आहे: सगळ्यांना 'सकाळी १० वाजता मूळ कागदपत्रांसह' बोलवायचं. समितीचं एक मिनिटही रिकामं जात नाही, हे खरं. पण शेवटच्या उमेदवाराचा अख्खा दिवस बाकावर जातो, आणि मला हा तोडगा उर्मटपणाचा वाटतो. तो अनावश्यकही आहे. इंग्लंडमधले संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातल्या वेळांचा हाच प्रश्न अभ्यासला होता. सुरुवातीला दोघांना बोलवा आणि मग सरासरी तपासणीला लागेल तेवढ्या अंतराने एकेकाला, असं त्यांनी सुचवलं. बाहेर एक माणूस तयार असला की डॉक्टर सहसा रिकामा राहत नाही. वीस जण बसवून ठेवायची गरज नाही.

हेच पतसंस्थेला लावून पाहू. खण २५ मिनिटांचा: २० बोलण्याचे, पाच गुणांचे. समितीने ९.४० ला जमून अर्ज वाचायचे. प्रत्येक उमेदवाराने आपल्या वेळेच्या २५ मिनिटं आधी यायचं आणि त्या वेळात बाहेरच्या टेबलावर त्याची कागदपत्रं तपासून व्हायची, म्हणजे गुणपत्रिका चाळण्यात आतली मिनिटं जाणार नाहीत. चार मुलाखतींनंतर, ११.४० ते १२.०५, चहा. चहाला दहा मिनिटं पुरतात. उरलेली पंधरा उशीर जिरवायला आहेत. चहाची सुट्टी कापून उशीर भरून काढायची सवय मात्र वाईट, कारण दमलेली समिती दुपारी आणखी रेंगाळते.

तेच २६, १८, ३१, २० पुन्हा मांडा, आणि कुणालाही ठरल्या वेळेआधी आत घेतलं नाही असंच धरा. चौथी मुलाखत ११.४१ ला संपते. चहानंतर गाडी रुळावर येते. आठवा उमेदवार १.२० ऐवजी १.२२ ला आत जातो आणि त्याला पूर्ण २० मिनिटं मिळतात. समितीचं जेवण आधीच्या दिवसापेक्षा २५-३० मिनिटं उशिरा होतं, एवढीच किंमत.

एखादी मुलाखत पाऊण तास चालली तर मात्र हेही कोलमडेल. म्हणून घड्याळ अध्यक्षांकडे न देता बाहेरच्या कर्मचाऱ्याकडे द्यावं. अध्यक्ष स्वतः प्रश्न विचारण्यात गुंततात, आणि तज्ज्ञांना मध्येच थांबवणं त्यांना अवघड जातं. अठराव्या मिनिटाला दार वाजलं, की 'तुम्हाला काही विचारायचंय का?' हा शेवटचा प्रश्न. तरीही उशीर झालाच, तर बाहेर थांबलेल्यांना नवी वेळ स्पष्ट सांगावी. कुणाला चहा घेऊन यायचा असेल, कुणाची परतीची एसटी असेल.

तुमच्या संस्थेत मुलाखतींची पत्रं तुम्ही काढत असाल, तर त्यात दोन वेळा वेगवेगळ्या लिहा: हजर राहण्याची आणि आत जाण्याची.