शिंपल्यांची किनार : बटरक्रीमचा घट्टपणा आणि हाताचा दाब

केकच्या तळाशी बटरक्रीमच्या शिंपल्यांची ओळ काढली की पुठ्ठा आणि केक यांमधली फट झाकली जाते, म्हणून नवशिक्यांना बहुधा हीच किनार आधी शिकवतात. ती नीट येणे नोझलपेक्षा क्रीमच्या घट्टपणावर आणि मुठीच्या दाबावर जास्त अवलंबून असते.

२५० ग्रॅम मऊ लोणी चांगले फेटून त्यात ५०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर थोडी थोडी घालावी. चाळण्याचा कंटाळा करू नये. साखरेची एक गुठळीसुद्धा नोझलच्या दातात अडकते आणि कडा फाटते. मग दूध चमच्याचमच्याने घालावे. चमचा बुडवून उचलल्यावर क्रीमचा शेंडा उभा राहिला आणि त्याचे टोक किंचित वाकले, तर घट्टपणा बरोबर आहे. शेंडा ताठच राहिला तर दाबताना हात दुखतो आणि शिंपल्याच्या कडा चिरतात. अशा वेळी आणखी थोडे दूध लागते. रेषा पुसट होऊन शिंपला पसरत असेल, तर क्रीम सैल आहे. मात्र लगेच साखर वाढवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोष बहुतेकदा दुधाचा नसून उष्णतेचा असतो आणि दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवल्यावर तेच क्रीम सावरते. तळहाताच्या उबेनेही लोणी वितळते, म्हणून पायपिंग बॅग अर्धीच भरावी. भरण्याआधी क्रीम स्पॅच्युलाने भांड्याच्या कडेला दाबून फिरवल्यास आतली हवा निघते. नाहीतर मध्येच फुस्स आवाज होऊन शिंपल्याला भोक पडते.

शिंपल्यासाठी चांदणीच्या तोंडाचे नोझल घेऊन बॅग ४५ अंशांत तिरकी धरतात. टोक पृष्ठभागापासून जरासे वर असते. प्रथम हात न हलवता दाबायचे, म्हणजे क्रीम फुगून शिंपल्याचे डोके तयार होते. मग टोक किंचित उचलून हात आपल्याकडे ओढताना दाब कमी करत न्यायचा, तसतशी शेपटी निमुळती होते. शेवटी दाब पूर्ण थांबवायचा आणि त्यानंतरच बॅग उचलायची. नवशिके दाबतादाबताच उचलतात, त्यामुळे शेपटीऐवजी लांब तार येते. पुढच्या शिंपल्याचे डोके आधीच्या शेपटीवर बसवले की ओळ सलग दिसते. डोकी लहानमोठी येत असतील, तर प्रत्येक वेळी मनात सारखेच आकडे मोजत दाबावे.

रोझेटला बॅग सरळ उभी, ९० अंशांत असते. मध्यभागी थोडे क्रीम सोडून त्याभोवती एक फेरा घेतात. इथे दाब कमी होत नाही. तो फेरा संपेपर्यंत एकसारखा राहतो आणि फेरा पुरा होण्याच्या जरा आधी थांबतो, पण हात त्याच वळणात पुढे सरकून टोक कडेत मिसळतो. दाबाच्या मानाने हात वेगाने फिरला, तर दोरी तुटक होते. रेंगाळला, तर ती जाड होऊन रेषा बुजतात.

सराव बटर पेपरवर करावा. तेच क्रीम खरवडून पुन्हा बॅगेत भरता येते, फक्त ते मऊ पडू लागले की मध्ये थंड करावे लागते.