टक्का मोठा की रक्कम मोठी?

बचत गटाने बँकेसाठी प्रकल्प अहवाल करून घेतला की बायका पहिली पानं आवडीने वाचतात. शेवटचं आर्थिक परिशिष्ट मात्र कुणी उघडत नाही. दोन उद्योगांतून एक निवडायचा असेल, तर निर्णय तिथेच दडलेला असतो, बरं का!

समजा, नागपूरजवळच्या एका गटापुढे दोन पर्याय आहेत. मिरची-हळदीचं कांडप यंत्र घ्यायला १ लाख लागतात आणि खर्च वजा जाता वर्षाला ५० हजार उरतात. संत्र्याच्या सरबताचं युनिट टाकायला ४ लाख लागतात आणि वर्षाला १ लाख ९० हजार उरतात. हिशेब तीन वर्षांचा, कर्ज १२ टक्क्यांचं.

पुढच्या वर्षी मिळणारे ५० हजार आजचे ५० हजार नसतात. १२ टक्क्यांनी मागे आणले तर त्यांची आजची किंमत ४४,६४३ रुपये होते. दुसऱ्या वर्षीच्या ५० हजारांची ३९,८६० आणि तिसऱ्या वर्षीच्यांची ३५,५८९. बेरजेतून गुंतवलेला लाख वजा केला की सुमारे २० हजार उरतात. हेच निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही. सरबताचं असंच काढलं तर सुमारे ५६ हजार येतं.

ज्या व्याजदराला ही शिल्लक शून्य होते, तो अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर. कांडपाचा २३ टक्क्यांवर जातो, सरबताचा २० टक्केच. आता टक्का बघून कांडप घ्यायचं की रक्कम बघून सरबत?

अशा वेळी फरकाचा हिशेब करावा. सरबतासाठी ३ लाख जास्त घालायचे आणि वर्षाला १ लाख ४० हजार जास्त मिळवायचे. या वरच्या तीन लाखांवरचा परतावा साधारण १९ टक्के येतो. कर्ज १२ टक्क्यांचं असेल तर ते घालणं फायद्याचंच. म्हणून इथे रक्कम खरी. टक्का लहान कामातही मोठा दिसतो, पण घरात येतात ते रुपये.

मात्र तेच कर्ज २२ टक्क्यांचं निघालं, तर सरबत सुमारे १२ हजारांनी तोट्यात जातं आणि कांडप जेमतेम २ हजारांनी तरतं. तेव्हा परिशिष्टात कोणता व्याजदर धरलाय, हे आधी विचारा.

दुसरं विचारायचं ते मिळकतीबद्दल. बारा टक्क्यांच्या कर्जावरही सरबताची वार्षिक शिल्लक १ लाख ६६ हजारांच्या आसपास घसरली की फायदा संपतो. म्हणजे साधारण आठवा हिस्सा कमी झाला तरी पुरे. कांडपाला सहावा हिस्सा कमी झालेला सोसतो. संत्र्याचा बहार एखाद्या वर्षी हुकला तर काय, हे बागाईतदाराच्या घरच्या बाईला सांगायला नको. ते वर्ष धरून हिशेब पुन्हा मांडून मागा. तिथेही सरबत टिकलं, तरच चार लाखांवर सह्या करा.