‘अजून नाही’ म्हणजे ‘तू नकोस’ नव्हे!

‘चल ना, आता एकत्रच राहू’ असं तो किंवा ती म्हणते. प्रेम आहे, नातंही हवंय. पण एका घरात राहायला मन अजून तयार नाही. हे सांगायचं कसं?

आपल्या छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न कसा येतो, ते आधी बघू. फार रोमँटिक पद्धतीने येत नाही तो. बहुतेक वेळा तो भाडेकराराच्या तारखेवर येतो.

समजा, तो मूळचा बीडकडचा. शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी, सिडकोत मित्रासोबत रूम. ती जालन्याची. उस्मानपुऱ्यात तिघींच्या रूममध्ये पीजी. नात्याला दोन वर्षं झालीत. त्याचा रूममेट नोकरीसाठी पुण्याला निघालाय आणि 11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट महिन्याभरात संपतंय. गारखेड्यात त्याने एक वन बीएचके बघून ठेवलाय. भाडं 11 हजार. तो म्हणतो, ‘‘निम्मं निम्मं केलं तर साडेपाच. तू पीजीला सहा देतेस. पैसेही वाचतील आणि रोज भेटूही.’’

गणित बरोबर आहे. तरी तिच्या पोटात गोळा येतो.

डेन्व्हर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्कॉट स्टॅन्ली आणि गॅलेना ऱ्होड्स यांनी सहकाऱ्यांसोबत 2006 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. काही जोडपी एकत्र राहायचं ठरवतात आणि काही नुसती घसरत तिथे पोचतात. भाडं वाचतंय, करार संपतोय, तसंही रोज भेटतोच, म्हणून सामान हलतं. पण एकदा डिपॉझिट भरलं, गॅस, फ्रिज, गादी एकत्र घेतली की बाहेर पडणं अवघड होतं. मग नातं जमत नसलं तरी माणसं त्यात राहतात. तिच्या पोटातला गोळा म्हणजे प्रेम कमी असल्याचा पुरावा नव्हे. आपण ठरवत नाही आहोत, घसरतोय, याची ती जाणीव असू शकते.

सबब सांगितली की फसलात

आता ती काय करते? खरं सांगायचं टाळते. ‘‘अरे, घरमालक विचारेल ना, नातं काय म्हणून!’’ हे अगदीच खोटंही नाही. आपल्याकडे लग्न न झालेल्या जोडप्याला घर मिळायला त्रास होतो आणि भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यावी लागते. पण तो चार एजंटांना फोन करतो आणि हरकत नसलेला घरमालक शोधून आणतो.

मग ती म्हणते, ‘‘कायद्याचा काही लोचा झाला तर?’’ तो मोबाइल काढून दाखवतो. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सुप्रीम कोर्टाने अभिनेत्री खुशबूच्या खटल्यात 2010 मध्येच सांगितलंय.

मग तिसरी सबब. ‘‘आई कधीपण येते रे. जालन्याहून एसटीत बसली की दीड तासात दारात!’’ तो म्हणतो, ‘‘मग टू बीएचके बघू.’’

सबब म्हणजे समोरच्यासाठी सोडवायचं गणित असतं. तुमच्यावर जीव असलेलं माणूस ते जीव तोडून सोडवणार. आणि तिन्ही गणितं सुटल्यावरही तुम्ही ‘नाही’ म्हणालात, की त्याला दोन गोष्टी एकदम कळतात. तुम्हाला यायचं नाहीये आणि इतके दिवस तुम्ही खरं बोलत नव्हतात. दुसरी जास्त लागते.

आधी स्वतःला विचारा

म्हणून बोलायच्या आधी कारण नीट शोधा. ‘मी रेडी नाही’ हे कारण नाही, तो नुसता निकाल झाला. आपल्या गोष्टीतल्या मुलीने शांतपणे विचार केला तर तिला बहुधा दोन गोष्टी सापडतील. आधी घरी भावंडं, मग होस्टेल, मग पीजी. स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या मर्जीने ती अजून कधी राहिलेलीच नाही. तो अनुभव तिला एकदा हवाय. दुसरं म्हणजे, घरी त्याच्याबद्दल काही माहीत नाही. रोज रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला की त्याला स्वयंपाकघरात लपवायचं, हे तिला करायचं नाही.

ही कारणं त्याच्याविरुद्ध नाहीत. म्हणूनच ती सांगता येतात.

पहिली तीन मिनिटं

सायबिल कारेअर आणि जॉन गॉटमन यांनी 124 नवविवाहित जोडप्यांच्या वादाच्या विषयावरच्या संभाषणांचा अभ्यास केला होता. 1999 मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार, त्यातल्या पहिल्या तीन मिनिटांवरूनही पुढे कोणती जोडपी वेगळी होतील याचा अंदाज बांधता आला. म्हणजे सुरुवात सांभाळा. ‘‘तू मला न विचारताच फ्लॅट बघितलास!’’ या वाक्याने सुरुवात झाली, तर पुढचा तास फ्लॅटवरच भांडण होणार.

हे बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर नको, बाइकवर मागे बसून नको आणि फ्लॅट बघायला गेल्यावर एजंटसमोर तर नकोच. गोगाबाबा टेकडीवर सकाळी चालता चालता बोला. शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहावं लागत नाही, गप्प बसलं तरी चालतं. आणि टोकन द्यायच्या आधी बोला. पैसे अडकल्यावरचा नकार दुप्पट लागतो.

बोलताना आधी ‘हो’ कशाला आहे ते सांगा, मग ‘नाही’, मग पुढचं. उदाहरणार्थ: ‘‘मला तुझ्यासोबतच राहायचंय, त्यात शंका नाही. पण या महिन्यात मी शिफ्ट होणार नाही. मला आधी थोडे दिवस एकटीने राहून बघायचंय. आणि आपल्याबद्दल घरी सांगितल्याशिवाय मला चोरून राहायला जमणार नाही. तुला वाईट वाटेल, माहितीये.’’

मग थांबा. त्याचा चेहरा पडेल. पडू द्या. लगेच ‘‘बरं, बघू मग’’ म्हणत माघार घेऊ नका. वाईट वाटणं पूर्ण टाळता येत नाही. आपल्या हातात इतकंच, की त्याला नाकारल्यासारखं किंवा फसवल्यासारखं वाटू नये.

‘मग कधी?’

हा प्रश्न येणारच. इथे ‘‘दिवाळीनंतर’’ असं काहीतरी ठोकून देऊ नका. राहायला जायची तारीख खात्रीने देता येत नसेल, तर पुन्हा बोलायची तारीख द्या. ‘‘दिवाळीला घरी गेले की ताईला सांगते. नवीन वर्षात आपण परत बसू.’’ आणि ती तारीख तुम्हीच पाळा. त्याला आठवण करावी लागली, तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

त्याची अडचणही विसरू नका. रूममेट चालला आहे आणि भाड्याचा निम्मा भार त्याच्यावर येतोय. नवीन रूममेट शोधायला मदत करा. रविवारचा स्वयंपाक त्याच्याकडे एकत्र करायचा, असं ठरवा. ‘अजून नाही’ खरं आहे, हे वाक्यापेक्षा अशा गोष्टींतून जास्त पटतं.

आता उलटी बाजू. सगळं जुळलं, घरी सांगून झालं, एकटीने राहूनही झालं आणि तरी दर वेळी विषय टळला की सुटल्यासारखं वाटतंय? मग ते ‘अजून नाही’ नसेल, ‘नाही’च असेल. तसं असेल तर तेच सांगा; कुणाला तारखांवर झुलवत ठेवू नका.

आणि ऐकणाऱ्यासाठी एक. रुसायचा, दोन दिवस गप्प राहायचा हक्क तुम्हाला आहे. पण ‘‘येत नसशील तर संपलं’’ अशी धमकी देऊन कुणाला घरात आणलंत, तर ती व्यक्ती आलेली असेल, राहायला तयार झालेली नसेल.